अण्णासोच्या टाचेचा तक्ता

दवाखान्यात तीस वर्षं परक्यांच्या जखमा बांधलेल्या शालनआक्कावर आता सख्ख्या भावाची टाच बांधायची वेळ आली होती. साखरेमुळं अण्णासोची जखम चिघळली होती. आक्का रोज ड्रेसिंग करून जखमेची चिठ्ठी लिहायची, आणि तो म्हणायचा, “शेवटची ओळ वाच की, आक्का.”

“बरी हाय,” ती वाचायची.

उद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, म्हणून आज तिनं एकवीस चिठ्ठ्या तारीखवार वहीत उतरवायला घेतल्या. माप, रंग, ड्रेसिंग, सुधारणा, असे चार रकाने आखले. लांबी तीन सेंटिमीटर, मग साडेतीन, मग पाच. लाल तळ पिवळा पडलेला, कडा काळ्या. सलाईनची पट्टी सोडून आयोडीनची लावली, तरी पू. आणि शेवटी तिच्याच अक्षरात एकवीस वेळा ‘बरी’.

“डोळं फुटलं हुतं व्हय गं तुझं!” तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. सुधारणेच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘वाढतीय.’ मग सगळा तक्ता त्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

अण्णासो पायाकडं बघत राहिला.

“मग इतकं दिवस बरी हुती ती जखम कुणाची गं, आक्का?”