आधी कोण बोलणार

इतवाऱ्यात आमच्या समोरच्या घरात राहणारी बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आणि मी तिचा हेवा करायचे. कारण ऐकून तुम्ही नातवंडं हसाल. तिच्या निकाहच्या वेळी साक्षीदार पडद्यापाशी आले आणि त्यांनी तिला विचारलं, हा मुलगा, एवढा मेहर, कबूल आहे का? मला अंतरपाटापलीकडून कोणी काही विचारलं नव्हतं. शिवाय मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं धन, म्हणून तिच्या वडिलांनी रोख रक्कम न धरता दोन पॉवरलूम ठरवून घेतले होते. ते नवऱ्याच्या कारखान्यात चालायचे, पण त्याने तलाक दिला किंवा तो आधी गेला, तर लूम तिचे. माझ्या पाटल्या तुमच्या आजोबांच्या बहिणीच्या लग्नात गेल्या. त्या मला परत द्यायला हव्यात, असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही.

ती म्हणायची, "भाभी, पूछते तो हैं. पण कुठल्या मुलीने 'नाही' म्हटलेलं ऐकलंत का तुम्ही?"

मग तिच्या नवऱ्याचं मन आमच्याच गावातल्या लालबाग मोहल्ल्यातल्या एका विधवेवर बसलं. कायद्याने तो दोघींना ठेवू शकत होता, पण विधवेच्या भावांनी अट घातली की आधी पहिली मोकळी कर. तलाक दिला तर लूम द्यावे लागणार. म्हणून तो बायकोलाच म्हणू लागला, तू खुला माग. बाईने स्वतः सुटका मागितली की तिला खुला म्हणतात. नवऱ्याने तो मान्य करायचा, आणि बदल्यात बाईने बहुधा मेहर सोडायचा. म्हणजे सगळं यावर अडलं होतं की आधी कोण बोलणार.

ती रोज संध्याकाळी गच्चीवरून त्याची स्कूटर लालबागकडे वळताना बघायची. एकदा माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "मागून टाकते भाभी. त्याच्या कपड्यांना तिच्या घरच्या उदबत्तीचा वास येतो. मला नाही सहन होत."

"माग," मी म्हटलं. "मग तुझ्या लूमच्या कमाईवर ती उदबत्त्या लावेल."

ती उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण खुलाही मागितला नाही.

शेवटी तिच्या घरी बैठक बसली. तिच्या बाजूने तिचा भाऊ, त्याच्या बाजूने त्याचे काका, आणि मध्ये काझीसाहेब. आम्ही दोघी आतल्या खोलीत, दाराला पडदा. आधी समेटाचं बोलणं झालं, ते फुकट गेलं. मग नवरा म्हणाला, "इनको नहीं रहना तो खुला ले लें. मैं मंजूर कर दूँगा. मेरा दिल बड़ा है."

ती पडद्यातून म्हणाली, "बड़ा है, तभी तो दो-दो समा रही हैं!"

त्याचे काकासुद्धा हसले. काझीसाहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बाईने काही मागितलेलं नाही. दोघांना मिळून वेगळं व्हायचं असेल तर तीही वाट आहे, तिला मुबारात म्हणतात. पण त्यालाही बाईचा होकार हवा. ती 'हो' म्हणते का?

माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. ती गप्प राहिली.

मग त्यानेच तलाक उच्चारला. पुन्हा तोंड उघडणार तोच काझीसाहेबांनी हात वर केला. "बस. एकदाच. एका दमात तीनदा म्हणाल तर तो तलाकच होत नाही, वर तुरुंग आहे."

मला वाटलं, जिंकली. मग कळलं, इद्दत संपेपर्यंत, म्हणजे तीन पाळ्या, ती त्याच घरात राहणार. आणि तेवढ्यात कधीही तो 'परत घेतलं' म्हणाला, तर लग्न जसंच्या तसं. तेव्हा मात्र तिला कोणी विचारणार नाही. मी तिच्या भावावर खूप चिडले. तो म्हणाला, "भाभी, कायदा माझा नाही." तेही खरंच होतं.

तो खाली कारखान्यात झोपायचा, ती वर. मी रोज डबा घेऊन जायचे आणि तिची नजर जिन्याकडे असायची. मला वाटायचं, तिला भीती वाटते तो येईल म्हणून.

मुदत संपली. तो आला नव्हता. तिच्या भावाने मिस्त्री आणून दोन्ही लूम आपल्या शेडमध्ये हलवले, तिच्या नावाने चालू केले, आणि गल्लीत पेढे वाटले. मी तिला मिठी मारायला गेले, तर ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडत होती.

"एक बार भी नहीं आया, भाभी," ती म्हणाली. "एकदा तरी यायचं. मी नाहीच म्हटलं असतं. पण यायचं तरी."

तिने हातातला पेढा न खाता बाजूला ठेवला आणि विचारलं,

"लालबागेत पण आज वाटले असतील का?"