पट्टा उसवला तर

आमच्या बदलापुरातल्या बेलवलीच्या घरात वाटणी सरळ आहे. बाहेरच्या खोलीतल्या बॅगा नवऱ्याच्या आणि त्या बॅगांच्या फोटोखालचा मजकूर माझा. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सोफ्यांना रेक्झिन चढवण्यात घालवली. दुकान बंद झाल्यावर म्हणाले, आता एकदा खऱ्या चामड्याला हात लावतो. भाची फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकते. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे लिहिण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं; मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मला गुळमुळीत लिहिता येत नाही. भाची म्हणाली, "मामी, सिंपल 'प्युअर लेदर' लिही ना." मी विचारलं, कशाचं? म्हशीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं, असं बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचं उत्तर आलं. मग मी तेच लिहिलं. वापरून रंग गडद होईल, ओरखडे दिसतील, हेही लिहिलं.

पाण्यावरून तर भांडणच झालं. "वॉटरप्रूफ डाल दे मामी, बदलापूर है ये!" मी लिहिलं, "थेंब पडले तर डाग दिसतील. सगळी बॅग ओलसर फडक्याने एकसारखी पुसा, आत कागद कोंबून सावलीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरेल." भाचीने वाचलं आणि म्हणाली, "ही जाहिरात आहे की धमकी?" तरीही बॅगा खपत होत्या, म्हणून मी जरा फुशारकीत होते.

शेवटची ओळ मात्र नवऱ्याची. प्रत्येक फोटोखाली तीच: पट्टा उसवला तर आणून द्या, कितीही वर्षांनी शिवून देऊ. पट्टा जिथे बॅगेला जोडतात तिथेच सगळं वजन येतं, त्यामुळे गेलाच तर तिथला टाका आधी जातो.

यंदा दिवाळीच्या तोंडावर एक तपकिरी ऑफिस बॅग तयार झाली. मी लिहायला बसले तर म्हणाले, "शेवटची ओळ काढ."

"का? आता फुकटची दुरुस्ती जड व्हायला लागली वाटतं?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटांत सुई होती आणि तिचं टोक थरथरत होतं. चहाचा कप हलताना मी पाहिला होता, पण चहा गरम असेल म्हणून सोडून दिलं होतं. अंबरनाथच्या डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. हे थांबणार नाही, हळूहळू वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"अजून काही वर्षं शिवेन. पुढे लोक पट्टा घेऊन आले तर मी काय दाखवू? खोटं लिहायचं नाही, हे तूच म्हणतेस ना?"

एकटे गेले म्हणून मला आधी संताप आला. मग भीती वाटली, इतकी की स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. त्यांना मात्र त्या ओळीचंच पडलं होतं. मला ती ओळ खोडवेना. फोटो तसाच पडून राहिला आणि भाचीचे फोन येत राहिले.

शेवटी मीच विचारलं, "अहो, पट्टा शिवतात कसा?"

"भोकं आधीच पाडलेली असतात. एक मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना दोन सुया. त्याच भोकातून एक इकडून, दुसरी तिकडून. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. त्याच भोकांतून कुणीही परत शिवेल."

"मग तसंच लिहिते. कुणालाही शिवता येईल."

"कशावरून?"

"तुम्हीच म्हणालात की आत्ता."

"मला येतं म्हणून म्हणालो. तुला कुठे येतं?" असं म्हणून त्यांनी ब्लेडने त्याच बॅगेचा एक पट्टा उसवला, लाकडी चिमट्यात धरला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

अख्खी संध्याकाळ गेली. बोटाला सुई टोचली, दोरा दोनदा गुंतला, आणि ते शेजारी बसून "ओढ गं, लाजू नकोस" म्हणत राहिले. झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा जीव खाऊन ओढला. जागचा हलला नाही.

"वाकडं शिवलंयस."

"टिकेल का ते सांगा."

"टिकेल."

भाचीने फोटो बघून लगेच फोन केला, "मामी, एक साईड टेढ़ी आहे. एडिट करू?" मी नको म्हटलं आणि खाली लिहिलं: या बॅगेचा एक पट्टा मी शिवला आहे, पहिल्यांदाच. उसवला तर घेऊन या. हे नसले तर मी शिवीन.

नवऱ्याने मोबाईल लांब धरून ते वाचलं. मग त्यांनी ब्लेड उचललं, दुसरा पट्टाही उसवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.