थोरलीच्या तीन वर्षांच्या शुभेच्छा

थोरली भोरच्या घरातूनच परदेशी कंपनीचं काम करायची. तिच्याबरोबरची माणसं मनिला, पोलंड, अमेरिका अशी पांगलेली. एकमेकांना कधी बघितलेलं नाही. कुणाला कामावर लागून वर्ष, दोन वर्षं भरली की सगळ्यांनी त्याला दोन ओळी लिहायच्या. कुणाचं वर्ष कधी भरतं ती यादी थोरलीकडं होती. कॉम्प्युटर आपणहून ज्याच्या त्याच्या देशातल्या सकाळी नऊला आठवण पाठवायचा.

मी म्हणायची, "वर्ष झालं म्हणून कोण पेढे वाटतं का? आपल्यात वर्ष माणूस गेल्यावर घालतात."

"आये, तुझ्या तोंडाला काय कुलूपबिलूप हाय का न्हाई?" म्हणून ती हसायची.

पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आठ दिवसांत थोरली गेली.

तिसऱ्या दिवशी सगळे सावडायला नदीवर गेले होते. घरात मी एकटीच. फोन वाजला. मनिलाची बाई होती, थोरलीचं नाव घेत होती. मी चौथी शिकलेली, परक्या माणसासमोर मराठीसुद्धा फुटत नाही. तरी वाटलं, सांगायला पाहिजे. 'गेली'ला इंग्रजी शब्द मला एकच ठाऊक होता. म्हणाले, "शी गो."

ती "ओके, ओके" म्हणाली. काहीतरी गोड बोलली आणि फोन ठेवला. मला वाटलं, कळवलं.

तेरावा झाल्यावर धाकटीनं सकाळी तो कॉम्प्युटर लावला. साडेसहा वाजून गेले होते. बघते तर मनिलाहून शुभेच्छा आलेल्या. थोरलीला कामावर तीन वर्षं झाली होती. यादीत तिनं आपलंही नाव घातलं होतं.

धाकटी वाचून दाखवत होती. "आई, ही म्हणतीय, गावाला गेलीस ना, आराम कर, अजून पुष्कळ वर्षं आपल्याला बरोबर काम करायचंय." मग माझ्याकडं वळली. "तू फोनवर काय सांगितलं होतंस?"

"गेली म्हणून सांगितलं."

तिनं कपाळाला हात लावला. "अगं, त्यांच्यात गेली म्हणजे बाहेर गेली." लगेच लिहायला बसली. मी तिचा हात धरला.

"थांब. पोलंडची उठायची हाईत अजून."

"आई, हे बरं न्हाई. ती माणसं आनंदानं लिहितात."

"व्हय, म्हणून तर म्हणते."

साडेबारानंतर पोलंडच्या शुभेच्छा आल्या. एकानं लिहिलं होतं, तू आठवण करून दिली नसतीस तर माझा दिवस कुणाला कळलाच नसता. धाकटीला पुढं वाचवेना. मी मागं लागून वाचून घेतलं. जेवण दोघींनी केलं नाही.

दिवेलागणीला अमेरिका उठली. तिकडची तिघं होती. दोघांचं आलं. तिसऱ्याची वाट बघत मी कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. त्याचंही आलं. नुसतं अभिनंदन आणि तिचं नाव.

"आता कुणी राहिलं?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग लिही," मी म्हणाले. "आणि मेली असंच लिही. गेली म्हणू नको."