नळावरच्या अक्षता

महाडला मी आलो तेव्हा मला पाचवी इयत्ता पुरी झालेली नव्हती, आणि ती पुरी होणार नाही हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं गाव वरंध घाटाच्या पलीकडे, भोरच्या बाजूला. थोरल्या भावाच्या ओळखीनं नळाच्या कामावर शिकाऊ म्हणून चिकटलो. टेकडीवर पाण्याची टाकी बांधून तिथून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नळ गावात आणला होता, आणि आता घरोघरी जोड द्यायचे होते. आम्ही पाच पोरं आणि आम्हांला शिकवणारे एक उस्ताद.

उस्ताद महाडजवळच्याच एका गावातले मुसलमान. मुंबईला नळखात्यात वीस वर्षं काढून, नंतर कुठल्याशा कारागिरीच्या शाळेत शिकवून परत आले होते. दाढी पांढरी, कंबर कायमची धरलेली. वाकायचं झालं की आधी एक उसासा टाकत आणि मग वाकायचं रद्द करत.

दीड महिना उमेदवारी, त्यानंतर उस्ताद सांगतील तो राहील आणि बाकीचे आपापल्या गावी, असं ठरलेलं होतं. माझी पंचाईत अशी की पंधराव्या दिवशीच मी घरी पत्र टाकून बसलो होतो की मला कायम केलं आहे आणि लोक मला मेस्त्री म्हणतात. आईनं ते पत्र शेजारच्या तीन घरांत वाचून घेतल्याचं उत्तर आलं. त्या दिवसापासून मी रोज रात्री उमेदवारीचे उरलेले दिवस बोटांवर मोजू लागलो.

जेवायला मी मावशींच्या खानावळीत जात असे. मावशी मूळच्या उमरठच्या, विधवा, आवाज असा की पलीकडच्या आळीतला माणूसही वळून बघे. पहिल्याच दिवशी माझा चेहरा बघून त्यांनी ताटात भात वाढला, मी पुरे म्हणालो, त्यांनी आणखी वाढला. त्यांचे उपकार मी आजही मोजत नाही. आणि नेमका पाणी चालू ठेवूनच नळाला पहिला जोड द्यायचा होता तो त्यांच्याच खानावळीला.

त्या सकाळी उस्तादांनी रस्त्यातल्या चरात आम्हांला उतरवलं. चर छातीइतका खोल, दोन्ही टोकांना चढायला पायऱ्या खोदलेल्या. नळाचा हातभर भाग तारेच्या ब्रशनं घासून आम्ही काळाभोर चकचकीत केला. मग उस्ताद म्हणाले, "आता सगळे वर या. दोन गोष्टी सांगतो. तू नको," हे मला, "तू खाली थांब आणि या साफ जागेवर कुणाला हात लावू देऊ नकोस. खालून ऐकू येतं ना? मग ऐक."

त्यांच्या दोन गोष्टी कधी दोन नसत.

"पाणी दिसत नाही म्हणून ते निजलंय असं समजू नका," ते वरून बोलत होते. "टेकडीवरच्या टाकीपासून इथपर्यंतचं सगळं पाणी एकमेकांच्या खांद्यावर उभं आहे, आणि तळाला कोण आहे? हा नळ. आणि नळाशेजारी कोण? तुम्ही गाढवं. म्हणून पहिली गोष्ट. पाणी बंद करून काम होत असेल तर बंद करूनच करायचं. त्यात लाज नाही. इथं बंद केलं तर दवाखाना आणि बाजारातले सार्वजनिक नळ कोरडे पडतात, आणि रिकाम्या नळात चरातलं घाण पाणी शिरतं, म्हणून हे यंत्र."

यंत्र म्हणजे पितळी हंड्यासारखा एक गोळा. साखळीनं नळावर आवळायचा, खाली रबराची गादी. वरून बरमा आत जातो, नळाला भोक पाडतो आणि त्याच बरम्याच्या वरच्या अंगानं भोकाला आटे पडतात. मग आतली झडप फिरवून भोक झाकायचं, बरमा काढायचा, त्याच्या जागी फेरूल, म्हणजे जोडाचं पितळी तोंड, बसवून ते त्या आट्यांत पिळायचं. एवढं झालं की मगच साखळी सोडायची.

"बरम्याच्या दांड्यावर तोंड धरू नका. पाण्यानं दांडा वर फेकला तर दात मोजायला दुसरा माणूस लागेल. भोक पडल्यावर साखळीला हात नाही. पाणी फुटलं तर बोट लावून अडवायला जायचं नाही, सरळ चरातून बाहेर. वरच्या चावीवर, जिथून नळाचं पाणी बंद होतं तिथं, एक माणूस, किल्ली चावीत घातलेली, नजर माझ्या फडक्याकडे. फडकं वर गेलं की चावी बंद."

"आणि उस्ताद, त्या माणसाला शिंक आली तर?" हा आमच्यातला कशेडीकडचा पोरगा. त्याला अशा शंका फार.

"तर शिंकत शिंकत बंद करायची. शेवटची गोष्ट. बरमा लावण्यापूर्वी प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायचं, माझं ठीक. आणि ज्याचं ठीक नाही त्यानं म्हणायचं, थांबा. थांबा म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ज्यानं काही लपवलं, तो त्याच दिवशी घरी जाईल."

नेमक्या या वाक्याला मावशी दुसऱ्या टोकाच्या पायऱ्यांनी चरात उतरत होत्या. हातात तबक. त्यात हळद-कुंकू, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता, झेंडूचं फूल आणि नारळ.

"मावशी, इथं हात लावायचा नाही," मी हळूच म्हणालो.

"कुणाला?"

"कुणालाच."

"मी कुणी हाय का रे? माझ्या घरात गंगा येतेय, आणि तिला कुंकू नाय लावायचं? तुझ्या आयेनं शिकवलं नाय काय तुला?"

आईचं नाव निघालं आणि माझ्यातला पहारेकरी संपला. मावशींनी त्या घासलेल्या जागेवर पाच बोटं कुंकवाची ओढली, अक्षता दाबून चिकटवल्या, फूल ठेवलं आणि डोळे मिटून पुटपुटल्या. मीसुद्धा हात जोडले, याची मला आजही लाज वाटते. नारळ मात्र मी यंत्रावर फोडू दिला नाही. तो त्यांनी पायरीजवळच्या दगडावर फोडला. वर सगळ्यांना आवाज आला.

"काय फुटलं रे?" उस्ताद.

"नारळ," मी म्हणालो. हे तर खरंच होतं.

मावशी वर गेल्यावर मी सदऱ्याच्या बाहीनं घाईघाईनं पुसलं. वरचं निघालं. नळाच्या उतरत्या अंगाला जे चिकटलं होतं ते निघालं की नाही हे बघायला वाकावं, तर सगळे खाली उतरू लागले.

"जागा साफ आहे?" उस्तादांनी विचारलं.

"साफ आहे."

त्यांनी उसासा टाकला आणि वाकायचं रद्द केलं. रबराची गादी मीच ठेवली. यंत्र चढलं, साखळी आवळली. चावीवरच्या पोरानं लांबून ओरडून सांगितलं, "माझं ठीक." बाकीच्यांनी सांगितलं. माझी पाळी आली.

"माझं ठीक," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

उस्तादांनी दांड्याला हात घातला. कट, कट, कट. बिडाचा कीस पडायचा आवाज आतून येत होता. मी मनात तांदूळ मोजत होतो. मावशींनी चिमूट घेतली होती. चिमटीत किती दाणे? दहा? बाहीला किती आले? बाही बघितली तर चार. मग सहा कुठं आहेत? कट, कट. गावी आई मेस्त्रीची आई म्हणून पाणवठ्यावर उभी असेल. कट.

"थांबा," मी म्हणालो.

उस्तादांचा हात जागच्या जागी थांबला. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर मानलं. आधी हात थांबला, मग चेहरा वळला.

"काय झालं?"

"तांदूळ."

"काय?"

"गादीखाली तांदूळ आहेत, उस्ताद. आणि कुंकू. फूल मी काढलं."

कशेडीवाला चराच्या भिंतीला टेकून हसायला लागला. हसता हसता त्याच्या अंगावर माती पडली तरी थांबेना. वरून मावशी म्हणाल्या, "काय गो बाई, एवढं यंत्र आणि चार दाण्यांना भ्यालं?"

उस्ताद हसले नाहीत. बरमा किती आत गेलाय ते त्यांनी दांड्यावरच्या खुणेवरून पाहिलं. नळाची जाडी अजून अर्धी शिल्लक होती. "भोक पडलेलं नाही. आत्ता सोडता येतं," ते म्हणाले. साखळी सोडली, यंत्र उचललं. गादीला खालून पाच दाणे चिकटले होते, कुंकवाच्या लगद्यात नीट ओळीनं बसलेले, आणि झेंडूची एक पाकळी.

"एखादा दाणा रबर गिळतं," उस्ताद सगळ्यांना दाखवत म्हणाले. "पाच नाही गिळत. भोक पडलं असतं, पाणी इथून सुटलं असतं, आणि तेव्हा साखळी सोडता येत नसते." मग माझ्याकडे वळून, "साफ आहे असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"माझं ठीक कोण म्हणालं?"

"मीच."

"आणि थांबा?"

"तेही मीच."

त्यांनी फडक्यानं गादी पुसून घेतली. माझं गाठोडं मी मनात बांधूनसुद्धा टाकलं होतं. मग त्यांनी उसासा टाकला आणि या खेपेला खरोखर वाकले, हाडं वाजली इतके वाकले, आणि नळाच्या खालून बोट फिरवत स्वतः जागा पुसली. उठताना दोघांना त्यांना हात द्यावा लागला.

"मी विचारलं, बघितलं नाही," ते म्हणाले. "त्यात अर्धी चूक माझी. अर्धी तुझी. मावशींची मोजत नाही, त्यांच्या हातचं दुपारी जेवायचंय."

"मग पूजा कुठं करायची?" मावशी वरून. "गंगा काय तशीच येऊ दे?"

बरीच वाटाघाट झाली. यंत्राला नको, साखळीला नको, चावीच्या किल्लीला तर मुळीच नको, तेलकट हात सटकतो. अखेर फावड्याला कुंकू लावायचं ठरलं. मावशींनी फावड्याला लावलं, बादलीला लावलं, आणि उस्ताद नको नको म्हणत असताना त्यांच्या हातोडीलाही एक बोट ओढलं.

मग पुन्हा सगळ्यांचं ठीक झालं. बरम्याचं टोक अर्धवट भोकात बरोबर बसलं. भोक पडलं तेव्हा फक्त दांडा थरथरला, गादीखालून थेंब आला नाही. आटे पडले, झडप फिरली, फेरूल बसलं. यंत्र काढताना त्याच्या पोटात अडकलेलं तांब्याभर पाणी भसकन कशेडीवाल्याच्या पायावर सांडलं. पायरीवर येऊन उभ्या राहिलेल्या मावशींनी झेप घालून उरलेलं तबकात धरलं आणि तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर घातलं.

"मावशी, त्यात लोखंडाचा कीस आहे," उस्ताद म्हणाले.

"असूंदे. पोरांच्या अंगात ताकद येल."

आम्ही ते कपाळाला लावून गुपचूप चरात सांडलं.

संध्याकाळी हत्यारं पुसताना मी उस्तादांना विचारलं, मी घरी कधी निघू. ते म्हणाले, "कशाला? उद्या बाजारातला जोड आहे. गादीची जागा तू बघायचीस. विचारायचं नाही, वाकून बघायचं. माझी कंबर आज संपली."

दीड महिना भरला तेव्हा आमच्यातला मी आणि कशेडीवाला राहिलो. पुढच्या वर्षी नवी पोरं आली. उस्ताद त्यांना दोन गोष्टी सांगत होते आणि मी चरात वाकून नळाची खालची बाजू चाचपत होतो. ते सांगत होते की मुंबईला एकदा एका गोऱ्या साहेबानं गादीखाली पाच दाणे तांदूळ ठेवले होते. एका पोरानं विचारलं, साहेबानं तांदूळ कशाला ठेवले?

"त्याला विचारा," उस्ताद म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

मी खालून म्हणालो, "माझं ठीक."