फेरफार क्रमांक आठशे त्रेचाळीस

कौतिक नानाला रेकॉर्ड रूममधे टाकलं ते शिक्षा म्हणून. आमच्या तालुका कचेरीत मागच्या अंगाला, ट्रेझरीच्या भिंतीला लागून ती खोली. वर पत्रे, खाली शहाबादी, आणि मधे लाकडी घोड्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे कचेरीच्या भाषेत रुमाल. साप निघायचा अधूनमधून. पंखा होता, पण तो लावला की कागद उडतात म्हणून नाना लावत नसे. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यात पत्र्याखाली बसून दाखवा म्हणजे कळेल, सरकार माणसाला कसं भाजतं.

त्याला तिथं पाठवणारा माणूस होता मोतीलाल आबा. आबाकडे साठ एकर कापूस, दोन विहिरी, एक जीप, आणि कचेरीतल्या प्रत्येक टेबलावर एक तरी माणूस. पंच्याऐंशी साली नाना कूळकायद्याच्या टेबलाला होता. भिकुबाई नावाची बाई त्याच्याकडे रडत आली. तिचा नवरा वना हा आबाच्या बापाचं कूळ. सदतीस वर्षं त्यानं चार एकर कसले. वना गेला आणि तेरावं झाल्यावर पंधरवड्यात आबानं कोरा सातबारा दाखवून बाईला बांधावरून उठवलं. सातबाऱ्यावर वनाचं नाव कुठंच नव्हतं.

"कागद होता ना काही?" नानानं विचारलं.

"व्हता भाऊ. सरकारना शिक्का व्हता. मोतीलाल आबा म्हने, दे, तलाठीकडथीन नोंद लाई देस. दिधा. परत काय देस तो."

नानानं आबाला नोटीस काढली. कारकुनानं नोटीस काढायची हिंमत केली, एवढाच गुन्हा. महिन्याभरात नानानं लाच मागितल्याची तक्रार कलेक्टरकडे गेली. साक्षीदार आबाचे सालदार, वर्षाच्या बोलीवरचे गडी. दोन वेतनवाढी बंद, आणि टेबल काढून रेकॉर्ड रूम. भिकुबाईच्या अर्जाला नव्या कारकुनानं उत्तर दिलं: सदर अभिलेख आढळून येत नाही. ती बाई मग आपल्याच चार एकरात आबाकडे रोजानं कापूस वेचायला लागली.

मी ब्याण्णव साली या भानगडीत पडलो. मला सातवीनंतर शाळा माहीत नाही. कायदा मी कचेरीच्या व्हरांड्यात, लोकांचे अर्ज लिहून शिकलो. बाईच्या नावानं प्रांताकडे अपील लावलं, आणि पाच रुपयांचा स्टँप चिकटवून नकलेचा अर्ज घेऊन रेकॉर्ड रूममधे गेलो. नाना चष्मा पुसत होता. मी आवाज चढवला.

"नाना, 'आढळून येत नाही' असं लिहिलंत तर इथंच उपोषणाला बसेन."

"बस. साप कोपऱ्यात असतो, तेवढं बघून बस." त्यानं अर्ज वाचला. भिकुबाईचं नाव वाचून चष्मा परत काढला. "सात वर्षं झाली, या अर्जाची वाट बघतोय मी. तू गट नंबर एकशे अठरा टाकलास. गटावर काय सापडणार? गट एकत्रीकरणात पडले, त्याच्या आधीचं सगळं सर्व्हे नंबरावर आहे. बस तिकडं."

त्यानं आधी एकत्रीकरणाचं पत्रक काढलं. एका बाजूला जुने सर्व्हे नंबर, एका बाजूला नवे गट. बोट फिरवत आला. गट एकशे अठरा म्हणजे जुना सर्व्हे एकसष्ट, हिस्सा दोन. मग त्या गावच्या फेरफारांची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींची अनुक्रमणिका. लांबट वही, कोपरे कसरीनं खाल्लेले. डाव्या रकान्यात सर्व्हे नंबर ओळीनं, समोर त्या जमिनीवर आजवर पडलेल्या सगळ्या फेरफारांचे नंबर. एकसष्ट, दोनसमोर चार आकडे होते. तीन वारसाचे आणि कर्जाच्या बोज्याचे निघाले. चौथा होता आठशे त्रेचाळीस.

"काढा मग आठशे त्रेचाळीस," मी म्हणालो.

"घे, तूच काढ."

मी फेरफाराचं पुस्तक उघडलं. आठशे बेचाळीसनंतर एकदम आठशे पंचेचाळीस. शिवणीजवळ बोट घातलं तर पानाचा अर्धा बोट रुंद पट्टा लागला. ब्लेडनं सरळ कापलेला. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी उठलो, तहसीलदाराच्या केबिनकडे निघालो. नानानं माझी बाही धरली.

"कुठं चाललास? कोणी कापलं म्हणून सांगशील? तुझ्याकडे कापणाऱ्याचं नाव आहे? ते सापडलं असतं तर मी पंच्याऐंशीलाच बोंब मारली असती. पान नेलं, अनुक्रमणिका राहिली. चोराला वाटलं, पुस्तकात पान नाही म्हणजे नोंद नाही. आता इकडं बघ. बेचाळीस कशाची नोंद आहे?"

मी वाचलं. कुळानं जमीन विकत घेतल्याचं प्रमाणपत्र, कलम बत्तीस म.

"पंचेचाळीस?"

तेच. सन त्रेसष्ट, तारीख तीच.

"तलाठ्यानं त्या दिवशी गठ्ठ्यानं प्रमाणपत्रं नोंदवली. म्हणजे मधली त्रेचाळीस, चव्वेचाळीसही तीच असणार. नोंद पडली, सातबाऱ्याला अंमल दिला नाही, म्हणजे मालक म्हणून नाव तिथं चढलंच नाही. पुढं सातबारे नव्यानं लिहिले तेव्हा वना गळाला. पण प्रमाणपत्र आभाळातून पडत नाही. त्याच्या आधी चौकशीचं प्रकरण चालतं, बत्तीस ग. ते सापडलं पाहिजे."

"मग शोधा."

"शोधलं. सात वर्षांत चार वेळा. 'व'मधे वना नाही, हिलालही 'ह'मधे नाही."

हिलाल म्हणजे वनाचा बाप. नानानं कूळ प्रकरणांची नोंदवही माझ्यापुढं सरकवली. पुढं अक्षरवार नावांची यादी, नावासमोर प्रकरण नंबर, गाव, रुमाल नंबर. मी 'व' बघितलं. 'भ' बघितलं, बाईचं नाव असेल म्हणून. नुसतीच पानं उलटत राहिलो. एरंडोलकडच्या गावातल्या एका माणसाच्या नावावर थांबलो, कारण ते नाव मला माहीत होतं.

"नाना, हा तोताराम कूळ कसा? याच्या घरी तर चार सालदार होते. माझा काका होता त्यातला एक."

नानानं वही ओढून घेतली, चार पानं वाचली, परत पहिल्या पानावर आला.

"सगळे मालक आहेत," तो म्हणाला. "हे मालकाच्या नावावर लावलंय. नंतरच्या सगळ्या वह्या कुळाच्या नावावर आहेत, म्हणून मी मूर्खासारखा कूळच शोधत बसलो. आबाच्या बापाचं नाव काय?"

"पुना. पुना सुपडू."

'प'मधे सातव्या ओळीला होता. पुना सुपडू, सर्व्हे एकसष्ट हिस्सा दोन, रुमाल चौदा.

चौदा नंबर सगळ्यात वरच्या फळीवर होता. नाना स्वतः शिडीवर चढला. मला हात लावू दिला नाही. गाठ सोडली, धूळ झटकली, आणि एकेक प्रकरण उलटत गेला. वनाचं प्रकरण बारा पानांचं. न्यायाधिकरणाचा निकाल, किंमत भरल्याची चलनं, प्रमाणपत्राची स्थळप्रत. आणि पान सातवर पुना सुपडूचा जबाब: वना हिलाल हा माझे कूळ असून जमीन त्यास देण्यास हरकत नाही. खाली अंगठा. अंगठ्याशेजारी ओळख पटवणाऱ्याची सही, मोडीच्या वळणाची, शेवटी लांब शेपूट काढलेली. मोतीलाल पुना, वय तेवीस.

मी हसायला लागलो. नाना हसला नाही.

"उद्याच प्रांतापुढं टाकू," मी म्हणालो.

"आत्ता टाकलं तर आबा म्हणेल, बापाच्या वेळचं, मला काय ठाऊक. साळसूदपणे हात झटकेल. त्यानं अजून जबाब दिलाय का अपिलात?"

"तारीख पुढं आहे. दोन महिने."

"देऊ दे. शपथेवर देऊ दे, की जमिनीवर कधी कूळ नव्हतं. तोवर तू तोंड उघडायचं नाही. तुला जमणार नाही, मला माहीत आहे, तरी."

मला ते बोचलं, कारण खरं होतं. पण दोन महिने बाईनं परक्याच्या हाताखाली का राबायचं, हे माझ्या मनाला पटेना. मी तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ती ओट्यावर भाकरी खात होती.

"सात वरीस थांबनी भाऊ," ती म्हणाली. "आखो दोन महिना थांबसू. पन त्याले नीट धरा."

त्या दिवसांत नानानं सगळं नियमानं केलं. बाराही पानांना नंबर टाकले आणि तहसीलदाराची सही घेतली, पानं बारा. नकलेचा अर्ज रीतसर नोंदला, नक्कल ताडून खरी केली. माझ्याकडून प्रांताला अर्ज करवला की मूळ प्रकरण मागवावं. प्रांताचं पत्र आलं, आवक नंबर पडला. आता कोणी ब्लेड घेऊन आला असता तर कापलेलं पान मोजणीत सापडलं असतं.

आबानं जबाब दिला. वकिलानं टाईप केलेला, खाली शपथ. माझे वडिलांचे जमिनीवर केव्हाही कूळ नव्हते, भिकुबाई ही रोजंदार मजूर आहे. ती प्रत मी नानाला दाखवली. त्यानं दोनदा वाचली आणि दुपारी पहिल्यांदा पंखा लावला.

सुनावणीच्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आला. प्रकरण छातीशी. आबा बाकावर बसला होता, पांढरी टोपी, हातात पानाची डबी. नानाला बघून म्हणाला, "अरे कौतिक, तू अजून नोकरीत आहेस?"

"आहे आबा. तुमच्याच कृपेनं चांगल्या जागी आहे."

प्रांतानं प्रकरण उघडलं. प्रमाणपत्र बघितलं, मग पान सात. आबाला पुढं बोलावलं, बोट ठेवलं.

"ही सही कोणाची?"

आबा वाकला. बराच वेळ वाकून राहिला. नव्या जबाबाखालची सही शेजारीच होती, तीच शेपूट. त्याचा वकील खिडकीबाहेर बघायला लागला.

"आठवत नाही साहेब. तीस वर्षं झाली."

"शपथ घेताना आठवत होतं," प्रांत म्हणाला, आणि लिहायला घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आबानं नानाला गाठलं. आवाज एकदम मऊ. "नाना, झालं गेलं. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

"माझ्या खोलीत सगळं जुनंच आहे आबा. या कधी, दाखवतो."

निकालानं भिकुबाईचं नाव सातबाऱ्यावर लागलं. खोट्या शपथेची कारवाईही आबावर लागली. पुढची दोन वर्षं त्याची जीप कोर्टाच्या आवारात उभी दिसायची, आणि मी मुद्दाम तिकडून जायचो. बाईनं ताबा घेतला त्या दिवशी आबाचा उभा कापूस बांधापर्यंत होता. तलाठी म्हणाला, पीक त्यांना वेचू द्या. बाई म्हणाली, "येऊ दे. मी त्यास्ले मजुरीना रोज दिसू." आबाचं कोणी आलं नाही. तिनंच वेचला.

नानाच्या वेतनवाढी परत आल्या नाहीत. अर्ज करा म्हणून मी भांडलो. तो म्हणाला, राहू दे, मला काम आहे. त्यानं शंभर पानी वही घेतली होती आणि त्या मालकांच्या यादीवरून कुळांची नावं अक्षरवार लावत होता, गाव आणि रुमाल नंबर टाकून. निवृत्तीच्या आधी पुरी केली. सातबाऱ्यावर ज्यांचा अंमल सापडला नाही त्या नावांपुढं लाल टिंब दिलं होतं. एकशे सहा टिंबं.

"सायकल आहे ना तुझ्याकडे?" त्यानं विचारलं. "पाचोऱ्याच्या वाटेवरच्या गावांपासून सुरू कर. तिथले मालक अजून जिवंत आहेत, शपथेवर जबाब द्यायला."