जुना पत्ता एकट्या आप्पांकडे

नांदेडच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी कॉम्प्युटरचं सगळं बघते. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून क्लाउडपर्यंत. आमची दुसरी शाखा लातूरला आहे. दोन्हीकडे निघालेले स्कॅन एकाच ठिकाणी, क्लाउडमधल्या भाड्याच्या स्टोरेजमध्ये जमा होतात आणि पेशंटची नावं, वय, तपशील शेजारच्या डेटाबेसमध्ये.

एका मोठ्या रुग्णालयाशी आमचा करार व्हायचा होता. त्याआधी त्यांचा एक तपासनीस पुण्याहून आला. त्याने चहा घेता घेता स्वतःच्या मोबाईलवरून आमच्या स्टोरेजचा पत्ता टाकला, आणि तिकडून उत्तर आलं. आत शिरता आलं नाही, पासवर्डसारखी किल्ली मागितली, पण उत्तर आलं. तो म्हणाला, कुलूप चांगलं आहे, पण दार हमरस्त्यावर आहे. जगातला कोणीही येऊन कुलूप खटखटवू शकतो. आमच्या डॉक्टरसाहेबांचा चहा तिथेच निवला.

उपाय मला माहीत होता. त्याला प्रायव्हेट एंडपॉइंट म्हणतात. क्लाउडमध्ये आमचं स्वतःचं एक खाजगी नेटवर्क होतंच, आणि नांदेड-लातूरची दोन्ही ऑफिसं व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खाजगी रस्त्याने, त्याला जोडलेली होती. त्या नेटवर्कमध्ये स्टोरेजला आतला एक पत्ता द्यायचा, डेटाबेसला दुसरा. आपली सगळी ये-जा त्या आतल्या पत्त्यावरून करायची आणि मग बाहेरचं, इंटरनेटवरचं दार बंद करून टाकायचं. साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी विचारलं, यंत्र कधी येणार? यंत्र नाही, म्हटलं. मग दाखवा तरी. मी स्क्रीनवर एक ओळ दाखवली, दहापासून सुरू होणारा चार आकड्यांचा पत्ता. साहेब चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"एवढंच?"

एवढंच, म्हटलं. त्यानंतर आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते की आपलं सेंटर आता इंटरनेटवरून काढलं. त्यामुळे दोन-तीन डॉक्टरांनी फोन करून विचारलं, बिल थकलं होतं का.

बाहेरचं दार बंद केल्यावर नांदेडला सगळं सुरळीत चाललं, कारण तिथला राउटर मीच लावलेला. लातूरला स्कॅन दिसेनात. तिथले प्रमुख टेक्निशियन म्हणजे आप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पंचवीस वर्षांपासून एक्स-रे काढतात. फिल्म पाण्यात धुवायच्या दिवसांपासून. मूळचे उदगीरचे, घरात कानडी. मला ते ताई म्हणतात, मी त्यांना आप्पा. त्यांचा फोन आला.

"ताई, नेट चालू हाय. व्हॉट्सअ‍ॅप चालू हाय. फकस्त आपलेच फोटो दिसंनात."

घोटाळा नावाचा होता. स्टोरेजचं नाव एकच, पण ते नाव कोणाला विचारता त्यावर पत्ता ठरतो. आमच्या खाजगी नेटवर्कमधल्या सर्व्हरला विचारलं तर तो आतला पत्ता देतो. लातूरच्या राउटरवर मात्र नेट लावून देणाऱ्याने, वेग चांगला मिळेल म्हणून, नावं विचारायला इंटरनेटवरचा कुठलातरी सर्व्हर टाकून ठेवलेला. तो सगळ्या जगाला देतो तोच बाहेरचा पत्ता आप्पांनाही देत होता. आप्पांचा कॉम्प्युटर इमानदारीने बाहेरच्या दारावर जायचा आणि परवानगी नाही असं ऐकून परत यायचा. राउटरचा पासवर्ड त्या नेटवाल्याकडे, आणि नेटवाला मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. फोन बंद.

बाहेर पेशंट बसले होते. मी आडवाट काढली. विंडोजमध्ये होस्ट्स नावाची एक फाईल असते. तिच्यात नाव आणि पत्ता हाताने लिहून ठेवला तर कॉम्प्युटर कोणाला विचारायला जात नाही, तोच पत्ता खरा मानतो. मी फोनवरून आप्पांना रस्ता सांगू लागले. विंडोज, मग सिस्टिम बत्तीस, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी.

"ईटीसी म्हंजे वगैरे न्हाई का?"

हो, म्हटलं, तोच.

"वगैरे नावाचं फोल्डर?"

आप्पांना वाटलं मी थट्टा करतेय. पण फोल्डर सापडलं. मग त्यांनी एकेक आकडा मोठ्याने म्हणत पत्ता लिहिला, दोनदा वाचून दाखवला, आणि फोटो उघडले. दोन दिवसांपुरतं आहे, राउटर नीट झाला की काढून टाकू, असं मी म्हणाले. नेटवाला परत आला, राउटर नीट झाला, शाखेतले बाकीचे दोन कॉम्प्युटर आतला पत्ता आपोआप विचारून घेऊ लागले. आप्पांचाही चालतच होता. मी ती ओळ विसरून गेले.

काही महिन्यांनी मी क्लाउडमधल्या नेटवर्कची नव्याने मांडणी केली. दोन्ही एंडपॉइंट काढून नव्या भागात पुन्हा केले. त्यांना नवे आतले पत्ते मिळाले, नावांची नोंद आपोआप बदलली, नांदेडला कोणाला कळलंही नाही. लातूरचे दोन कॉम्प्युटर चालले. आप्पांचा थांबला.

मी त्यांना कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. मग अँटिव्हायरस बंद. मग केबल बदला. आप्पांनी सगळं केलं. एकदा अगदी शांतपणे विचारलं, बाकीच्या दोन्हीवर दिसायलंय, माझ्यावरच काय राग हाय? मी म्हटलं, तुमच्या मशीनमध्येच काहीतरी आहे. हे वाक्य मी साहेबांसमोर पण बोलले, आणि ते बोलायला नको होतं. साहेबांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. त्यांना वाटलं, आप्पांचं वय झालं, कुठेतरी भलतंच बटण दाबलं जातं. त्यांनी लातूरला कळवलं की आजपासून स्कॅन पाठवण्याचं काम शाखेतल्या टेक्निशियन बाई करतील, आप्पांनी फक्त मशीन बघावं.

आप्पांचा फोन आला नाही. रोज येणारा फोन आला नाही म्हणून मीच बेचैन झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूरला गेले. साडेतीन-चार तास मी मनात त्यांना समजावून सांगत होते की कॉम्प्युटर जुने होतात, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

आप्पांनी खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं, आणि मागे हात बांधून उभे राहिले. मी नाव तपासायची आज्ञा टाइप केली. पत्ता आला तो नवा, बरोबर. पुन्हा केली. बरोबर. मग स्कॅन का उघडत नाही? मी पंधरा मिनिटं तीच आज्ञा पुन्हा पुन्हा दिली, जणू कॉम्प्युटर कंटाळून कबूल होईल. शेवटी काहीच सुचेना म्हणून पिंग केलं, म्हणजे त्या नावाला नुसती हाक मारून बघितली. एंडपॉइंट पिंगला उत्तर देत नाही हे मला माहीत होतं, पण निदान कुठला पत्ता शोधतोय ते तरी दिसतं. स्क्रीनवर चार आकडे उमटले.

आप्पा मागून वाकले. मग टेबलाच्या खणातून डायरी काढली, पानं उलटली आणि माझ्यासमोर उघडी धरली. निळ्या शाईत तेच चार आकडे होते. खाली लिहिलं होतं: ताईंनी फोनवर सांगितलेला, दोन दिवसांसाठी.

"ह्यो तर तुमचाच नंबर हाय, ताई."

नाव तपासायची ती आज्ञा थेट सर्व्हरला विचारते. होस्ट्स फाईल ती बघतच नाही. म्हणून तिला नवा पत्ता मिळत होता. बाकी सगळा कॉम्प्युटर मात्र आधी ती फाईल बघत होता आणि मी सांगितलेल्या, आता कुणीच राहत नसलेल्या जुन्या पत्त्यावर जाऊन ताटकळत होता.

ती ओळ मी पुसली. फोटो लगेच उघडले. एका बाईचा गुडघा होता. टेक्निशियन बाई दारातून बघत होत्या. मी साहेबांना फोन लावला. खरं सांगायचं तर, सेटिंगचा प्रॉब्लेम होता, झाला नीट, एवढंच म्हणायचं माझ्या जिभेवर आलेलं. पण डायरी अजून टेबलावर उघडी होती. मी स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आप्पांची चूक नव्हती?"

"नाही सर. माझी."

साहेबांनी आप्पांना काम परत दिलं, आणि आवाज जरा खाली आणून, गैरसमज झाला असंही म्हणाले. आप्पा फक्त हाव म्हणाले. फोन ठेवल्यावर मला चहा मागवला. आता निघावं असा माझा विचार होता, पण आप्पा समोर बसले.

त्यांनी विचारलं, बाहेरून खरंच काही दिसत नाही का? मी कॉम्प्युटर त्यांच्या मोबाईलच्या नेटवर जोडून दाखवला. परवानगी नाही असं आलं. आप्पांना ते इतकं आवडलं की त्यांनी तीनदा करून बघितलं, टेक्निशियन बाईंना बोलावून चौथ्यांदा. इतक्या आनंदाने एरर वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मग ते म्हणाले, "हे फोटोचं झालं. पेशंटच्या नावाचं दार बी असंच बंद हाय का?"

बंदच आहे, मी म्हणाले. पुन्हा ऑफिसच्या नेटवर येऊन, त्यांना दाखवायला म्हणून, डेटाबेसचं पान उघडलं. बाहेरचा प्रवेश: ठरावीक पत्त्यांसाठी चालू. यादीत एकच पत्ता होता, माझ्या नांदेडच्या घरातल्या नेटचा. नवी मांडणी करताना मध्येच आतला रस्ता तुटला तर आपण घरून पोचू शकू, म्हणून मीच तासाभरासाठी उघडलेलं. आप्पांना इंग्रजी बेताचं येतं, पण चालू आणि बंद त्यांना चांगलं कळतं. मी यादीतून माझा पत्ता काढला आणि बाहेरचा प्रवेश पूर्ण बंद केला. आप्पांनी फोन माझ्याकडे सरकवला.

साहेबांना दुसऱ्यांदा फोन लावणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्याही तिथंच थांबा. आप्पांना अजून काय विचारायचंय ते विचारू द्या."

मी आप्पांच्या घरी राहिले. त्यांच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची पातळ चटणी वाढली, आणि आपसात दोघं कानडीत काहीतरी बोलून हसले. काय बोलले ते मी विचारलं नाही. जेवताना आप्पांनी कॉम्प्युटरचा विषयच काढला नाही. फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायचे तेव्हा एकदा त्यांनी एका पाटलाची छाती आणि दुसऱ्याच कोणाचा पाय एकाच फिल्मवर कसे काढले होते, आणि डॉक्टर तो फोटो उजेडाला धरून कसा उलटसुलट करून बघत होते, ते सांगत राहिले. ती चूक त्यांनी तेव्हा कोणाला सांगितली होती का, असं मी विचारलं. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि सांगितलं, न्हाई.