बकऱ्यांनी थुंकलेल्या बाभळीच्या बिया

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी अमरावतीच्या आसपासच्या झाडांच्या बिया कशा पसरतात हा विषय घेतला, तेव्हा वडिलांना वाटलं होतं की हे घरबसल्या होणारं काम आहे. ते वकील होते आणि अभ्यास म्हणजे टेबल-खुर्ची अशीच त्यांची समजूत होती. पहिल्याच हिवाळ्यात मी वलगावच्या रस्त्यावरच्या पडीक रानातून परतले ती साडीच्या काठाला कुसळं आणि लांडगा नावाच्या तणाची काटेरी फळं घेऊनच. आईनं ती काढायला घेतली, तर मी तिचा हात धरला. जनावरांच्या अंगाला चिकटून पसरणाऱ्या बियांचा नमुना आयता मिळाला होता.

बियांकडे पाहून त्यांच्या प्रवासाचा अंदाज करता येतो. रुईच्या बीला रेशमासारखा झुबका असतो, तिला वारा नेतो. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं आणि बिया उडवतं. बोर गोड असतं ते कोणी खावं म्हणून. आणि बाभळीच्या शेंगा बकऱ्या खातात. अडचण इथेच होती. अंदाज करणं सोपं असतं, सिद्ध करणं नाही. बकरी शेंग खाते हे मी पाहिलं होतं. त्यातून बीचं भलं होतं की वाईट, हे कुणी तरी लावून पाहायला हवं होतं.

उन्हाळ्यात शेंगा पिकल्या तशी मी वलगावला एका धनगरीण मावशींच्या वाड्यावर जाऊ लागले. तिथे वाडा म्हणजे काटेरी कुंपणाचा बकऱ्यांचा गोठा. बकऱ्या दिवसा शेंगा खात आणि बसून रवंथ करताना टणक बिया तोंडातून टाकून देत. त्या मी लेंड्यांमधून वेचत असे.

“काहून वं पोरी, लेंड्यायमंदी काय शोधून राहिली?” मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“बाभळीच्या बिया, मावशी. बकरीनं टाकलेल्या चांगल्या उगवतात का, ते पाहायचं आहे.”

“अन् उगवल्या त मले सांगजो. नाई उगवल्या तरी सांगजो.”

मी सांगेन म्हटलं.

कॉलेजात मी तीन गट केले. एक थेट शेंगेतून काढलेल्या बियांचा, एक वाड्यावरच्या बियांचा, आणि एक शेंगेतल्याच, पण टरफलाला कानशीनं जरा खरवडलेल्या बियांचा. बाभळीचं टरफल इतकं टणक की पाणी आत शिरत नाही; खरवडलं की शिरतं. प्रत्येक गटाचे चार ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये वाळू आणि शंभर बिया. खरवडलेल्या भराभर उगवल्या. वाड्यावरच्या बऱ्याच वर आल्या. शेंगेतल्या मात्र थोड्याच.

माझे मार्गदर्शक सर खूश झाले. “चारही ट्रेंची बेरीज कर, टक्के काढ आणि लिही. बकरीमुळे उगवण वाढते. एका वाक्याचा निष्कर्ष!”

मला ते वाक्य लिहायचंच होतं. पण शेंगेतल्या बियांच्या एका ट्रेमध्ये बुरशी आली होती आणि तो बाकीच्या तिन्हींच्या कितीतरी मागे होता. बेरजेत तो दिसेनासा होत होता. मी सरांना म्हटलं, अकोल्याच्या शेतकी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एकदा दाखवते. सर म्हणाले, “कशाला फाटे फोडतेस?” पण चिठ्ठी दिली.

बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडून मी अकोल्याला गेले. ते प्राध्यापक उंच, करड्या आवाजाचे होते. त्यांनी माझ्या टक्केवारीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“वीसपैकी आठ उगवल्या तरी चाळीस टक्के, दोनशेपैकी ऐंशी उगवल्या तरी चाळीसच. कितीपैकी किती, ते आधी सांगा.”

मी सांगितलं.

“आता हे सांगा, एका ट्रेमधल्या शंभर बिया म्हणजे शंभर वेगळे पुरावे का? त्यांना एकच वाळू, एकच पाणी, एकच बुरशी. तुमच्याकडे गटामागे चारशे पुरावे नाहीत. चार आहेत.”

मग त्यांनी एक तक्ता उघडून दाखवला. टक्केवारी शून्याजवळ किंवा शंभराजवळ गेली की चढउताराला जागाच उरत नाही, म्हणून त्या तक्त्यावरून टक्क्यांचं कोनाच्या अंशांत रूपांतर करून मग ट्रे-ट्रेची तुलना करायची. “पण लिहिताना पुन्हा टक्क्यांतच लिहा,” ते म्हणाले. “कोन कुणालाच कळत नाहीत. आणि बुरशीचा ट्रे गाळू नका. तो आहे, असं लिहा.”

मी कागद आवरत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, “न उगवलेल्या बियांचं काय झालं?”

“त्या अजून वाळूतच आहेत,” मी म्हटलं.

परत आल्यावर मी सगळी वाळू चाळून उरलेल्या बिया एकेक कापल्या. शेंगेतल्या गटातल्या कित्येक आतून पोकळ निघाल्या. तुरीला लागतात तसल्या भुंगेऱ्यांनी त्या आधीच खाल्ल्या होत्या. वाड्यावरच्या बियांत तसल्या जवळजवळ नव्हत्याच; पोखरलेल्या बिया बकरीच्या दातांखाली चुरडून गेल्या असाव्यात. म्हणजे मी बकरीनं टाकलेल्या बियांची शेंगेतल्या बियांशी तुलना केलीच नव्हती. निवडलेल्या बियांची न निवडलेल्यांशी केली होती.

सरांना सांगितलं.

“पुन्हा लावायचं म्हणतेस? प्रबंध लांबेल.”

“लांबू दे, सर.”

“आणि फरक कमी निघाला तर?”

“तर कमी लिहीन.”

शेंगा अजून मिळत होत्या. मी पुन्हा वाड्यावर गेले, पुन्हा लेंड्या चिवडल्या. या वेळी तिन्ही गटांच्या बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या, म्हणजे पोकळ, सगळ्या काढून टाकल्या. खिडकीजवळ कुठला ट्रे आणि भिंतीजवळ कुठला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. उगवण थांबल्यावर उरलेल्या बिया दाबून पाहिल्या. मऊ होत्या त्या कुजलेल्या. टणक होत्या त्यांना कानस लावून पुन्हा वाळूत टाकलं, आणि त्यांतल्या बहुतेक उगवल्या. त्या मेल्या नव्हत्या, वाट पाहत होत्या.

वाड्यावरच्या बिया या वेळीही पुढे राहिल्या, पण अंतर पहिल्यापेक्षा बरंच कमी होतं. मी दोन्ही प्रयोग लिहिले. प्रत्येक ट्रेमध्ये किती उगवल्या, किती टणक राहिल्या, किती कुजल्या, सगळं दिलं. खाली लिहिलं की पहिल्या प्रयोगातला मोठा फरक बकरीचा एकटीचा नव्हता, भुंगेऱ्यांचाही त्यात हात होता. आणि हे वाळूच्या ट्रेमधलं आहे, रानातलं नाही. सरांनी तो मजकूर दोनदा वाचला, एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रयोग का ठेवला, असं विचारलं. मी म्हटलं, “तो ठेवला नसता तर दुसरा का केला, हे कळलं नसतं.” त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न तेरड्यावर विचारला.

निकाल लागल्यावर मी वलगावला गेले. मावशी बकऱ्यांना पाणी पाजत होत्या. कोन, ट्रे, प्रमाण, यातलं काय सांगायचं ते वाटेत ठरवत आले होते.

“मावशी, किड्यांनी पोखरलेल्या काढून चांगल्याच बिया घेतल्या तर शेंगेतल्यापेक्षा बकरीनं टाकलेल्या जास्त उगवतात. पण लई जास्त नाही. आणि न उगवलेल्या सगळ्या मेलेल्या नसतात, काही जमिनीत दम धरून बसतात.”

मावशींनी बादली खाली ठेवली.

“म्हंजे आमच्या बकऱ्यायनं थोडं केलं, अन् बाकीचं किड्यानं बिघडवलं होतं.”

“तेच.”

“मंग हे सांगाले तुले दोनदा लेंड्या काहून चिवडा लागल्या?”

मी सांगायला लागले, पण त्या हसत सुटल्या होत्या. उरलेल्या ट्रेमधली रोपं कुंपणासाठी आणून देऊ का, असं मी विचारलं, तर त्यांनी हात झटकला.

“बाभूय लावाले कोनी मानूस लागते का वं? चाल, च्या पी.”